पैसे व्हिडिओचे, मत तुमचे

घरगुती गोडा मसाला विकणाऱ्या एका लहान ब्रँडला पाककृतींचा यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या ताईंकडून परीक्षण हवे आहे, असे समजा. बहुतेक ईमेल 'आपले काम आवडते, एकत्र काम करूया' एवढ्यावरच थांबतात. पैसे मिळणार की नुसते पाकीट, हे ताईंना दोनतीन निरोपांनंतर कळते. त्यापेक्षा विषयाच्या ओळीतच लिहावे: 'गोडा मसाला : सशुल्क परीक्षण, एक व्हिडिओ, ८,००० रुपये'.

पुढचा मजकूर असा असू शकतो:

'नमस्कार ताई. तुमचा भरल्या वांग्यांचा व्हिडिओ पाहिला, म्हणून लिहीत आहोत. मसाल्याची २०० ग्रॅमची दोन पाकिटे पाठवू, ती परत नकोत. पाच-सहा मिनिटांचा एक व्हिडिओ हवा आहे. निम्मे पैसे होकार आल्यावर, उरलेले व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर सात दिवसांत देऊ. मसाल्याबद्दलचे मत पूर्णपणे तुमचे असेल. प्रसिद्धीपूर्वी आम्ही किंमत, वजन आणि घटक एवढेच तपासू. मसाला पसंत पडला नाही आणि व्हिडिओ करावासा वाटला नाही, तर पहिला हप्ता तुमच्याकडेच राहील.'

यातली सर्वांत मोलाची ओळ तपासणीची आहे. ती नसली की 'थोडे बदल करा' म्हणत 'जरा तिखट वाटला' हे वाक्यही कापायला लावले जाते आणि परीक्षणाची जाहिरात होते. पैसे ताईंच्या वेळेचे आणि कामाचे आहेत, हे ब्रँडने आधीच लिहून दिले की हा वाद उरत नाही.

पैसे घेतल्याचे प्रेक्षकांना सांगणे ही मात्र ताईंच्या मर्जीची बाब नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार हा उल्लेख व्हिडिओच्याच भाषेत, पडद्यावर आणि आवाजातही हवा. खालच्या वर्णनात टाकून भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उत्पादक आणि प्रसार करणारी व्यक्ती दोघांनाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून ईमेलमध्ये ही अट ब्रँडनेच घालावी: 'हे सशुल्क परीक्षण आहे, असे सुरुवातीलाच सांगावे.'

शेवटी, व्हिडिओ नंतर कोण वापरणार? बऱ्याच ईमेलमध्ये याबद्दल अवाक्षर नसते. मग ताईंचा चेहरा महिनोन्महिने ब्रँडच्या जाहिरातीत फिरतो. 'आमच्या पानावर तीन महिने दाखवू. पैसे देऊन जाहिरात म्हणून चालवायचा असेल, तर वेगळे मानधन ठरवू' एवढे लिहिले की पुरते. तीस दिवस दुसऱ्या मसाल्याचे परीक्षण नको असेल, तर तेही इथेच लिहावे आणि त्या अटीची किंमत मानधनात धरावी.

ताईंचा लेखी होकार येईपर्यंत पार्सल पाठवू नका.