पहिल्या बिलापुरती यादी

रतिबाचं दूध घेणाऱ्या घरांत महिनाअखेरीला एक वाद ठरलेला असतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चार फुल्या असतात आणि दूधवाल्याच्या वहीत खाडे तीनच निघतात. रक्कम साठ-सत्तर रुपयांची, पण दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटतं. आता समजा, पुण्यातल्या दोन तरुणांनी यावर अ‍ॅप काढायचं ठरवलं. दोघंही नोकरी करतात, त्यामुळे हाताशी फक्त शनिवार-रविवार. पहिल्याच बैठकीत अ‍ॅपमध्ये काय काय हवं याची यादी झाली: ओटीपीने लॉगिन, ग्राहकांसाठी वेगळं अ‍ॅप, ऑनलाइन पैसे, नकाशावर दूधवाल्याची जागा, दही-पनीरची ऑर्डर, पोऱ्यांची हजेरी, सणाच्या सवलती, तीन भाषा, आलेख, ग्राहकांनी द्यायचे तारे. एकही ओळ वेडगळ नाही. पण एवढं सगळं बांधायला त्यांचं वर्ष जाईल, आणि खाड्याचा वाद मिटतो की नाही हे वर्षभर कळणारच नाही.

अशा वेळी नव्या उद्योगांमध्ये ‘एमव्हीपी’ हा शब्द कानावर येतो. मिनिमम व्हाएबल प्रॉडक्ट, म्हणजे पहिल्या ग्राहकाचं एक काम पुरतं निभावेल एवढंच उत्पादन. फ्रँक रॉबिन्सन यांनी २००१मध्ये ही संज्ञा वापरली आणि एरिक रीस यांच्या २०११च्या ‘द लीन स्टार्टअप’ या पुस्तकाने ती जगभर नेली. शब्द सगळ्यांना पाठ असतो, घोडं अडतं ते यादी कापताना. कारण कोणती ओळ कापायची हे ओळीकडे बघून कळत नाही. ते कळण्यासाठी यादीच्या डोक्यावर आधी एक वाक्य लागतं.

त्या वाक्यात तीन गोष्टी हव्यात: माणूस कोण, प्रसंग कोणता आणि शेवटी त्याच्या हातात काय पडणार. ‘दूधवाले आणि ग्राहक यांच्यासाठी सोयीचं अ‍ॅप’ या वाक्याने काहीच कापलं जात नाही, कारण सोयीत सगळंच बसतं. आपल्या दोघांचं वाक्य बऱ्याच खाडाखोडीनंतर असं झालं: ‘साठ घरांना स्वतः रतीब घालणाऱ्या दूधवाल्याला महिनाअखेरीला प्रत्येक घराचं बिल खाड्यांच्या तारखांसह एका संध्याकाळी तयार मिळावं.’ ‘स्वतः’ या शब्दाने पोऱ्यांची हजेरी गेली. ‘दूधवाल्याला’ म्हटल्यावर ग्राहकांचं अ‍ॅप गेलं आणि त्याच्यासोबत ग्राहकांनी द्यायचे तारेही गेले. ‘बिल’ म्हटल्यावर नकाशाला जागा उरली नाही.

उरलेल्या ओळींना एकच प्रश्न विचारायचा: ही गोष्ट नसेल तर या महिन्याचं बिल निघेल का? उत्तर ‘निघेल, पण थोडं हाताने करावं लागेल’ असं आलं तरी ओळ कापायची. ऑनलाइन पैसे घ्या. दूधवाल्याकडे यूपीआयचा क्यूआर कोड आधीपासून आहे, घरोघरी तो ठाऊक आहे. पैसे अ‍ॅपमधून गेले नाहीत म्हणून बिल अडत नाही. लॉगिनचंही तसंच. एक माणूस, एक फोन आणि त्या फोनला कुलूप आहेच. जवळजवळ प्रत्येक यादीत लॉगिन पहिल्या ओळीवर असतं ते सवयीने. ग्राहक खाडा कसा कळवणार? आज कळवतो तसाच, फोन करून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर. नोंद दूधवाला करेल.

मात्र कापण्याच्या भरात बिलाचा कणाच कापला जाऊ शकतो. दर बदलण्याची ओळ बघा. पहिल्या यादीत ती नव्हतीच, दर म्हणजे एक आकडा एवढंच गृहीत होतं. पण दर महिन्याच्या मध्यावरही वाढतो. समजा, रोज एक लिटर घेणारं घर आहे. ७, ८, ९ तारखेला खाडा, २० आणि २७ला अर्धा लिटर जास्तीचं. दर ६४ रुपये, १६ तारखेपासून ६६. या घराचं बिल असं दिसायला हवं:

बी-३०४, रोज १ लिटर
खाडे: ७, ८, ९
जास्तीचं: २० आणि २७ तारखेला अर्धा-अर्धा लिटर
१ ते १५: १२ लिटर × ६४ = ७६८
१६ ते ३०: १६ लिटर × ६६ = १,०५६
एकूण: १,८२४ रुपये

अ‍ॅपने सरसकट शेवटचा दर लावला तर हेच बिल १,८४८ होतं. या एका घरात चोवीस रुपयांचा फरक, आणि असा कमी-जास्त फरक साठच्या साठ घरांत. म्हणजे जो वाद मिटवायला अ‍ॅप आणलं, तोच वाद अ‍ॅपने प्रत्येक दारात नेऊन ठेवला. म्हणून ‘दर आणि तो लागू होण्याची तारीख’ ही ओळ यादीत हवीच. चुकीची नोंद दुरुस्त करण्याची सोय आणि फोन हरवला तरी हिशेब परत मिळण्याची व्यवस्था, याही त्याच कारणाने सुटत नाहीत. पहिल्या आवृत्तीत गोष्टी कमी असल्या तर चालतं, पण जेवढं दिलं तेवढं बिनचूक चालायला हवं. पैशाच्या हिशेबात तर जास्तच.

यादीत नसलेली एखादी गरज कामाच्या जागी गेल्यावरच दिसते. एखाद्या सकाळी दूधवाल्याबरोबर फेरीला गेलं तर कळेल, की ‘उद्यापासून चार दिवस नको’ हे वाक्य बहुतेकदा दारातच ऐकायला मिळतं. एका हातात किटली, दुसऱ्या हातात माप, आणि लिफ्टमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नाही. नोंद तिथेच झाली नाही तर पुढच्या इमारतीपर्यंत विसरली जाते. म्हणून यादीतली ओळ नुसती ‘खाड्याची नोंद’ अशी ठेवून भागत नाही. ‘नेटवर्क नसताना, एका हाताने, घर शोधून कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत खाडा हे दहा सेकंदांत नोंदवता यावं’ अशी ती लिहायला हवी. ओळ पुरी झाली हे कशावरून ओळखायचं, ते ओळीतच असलं की बांधणारा तिला मनाने वाढवत नाही आणि अर्धवटही सोडत नाही.

आता क्रम. इथे अनेक जण महत्त्वाप्रमाणे क्रमांक देतात आणि फसतात, कारण ज्याला विचाराल त्याला आपली ओळ महत्त्वाचीच वाटते. त्यावर १९९४मध्ये डाय क्लेग यांनी चार कप्प्यांची रीत सुचवली, तिला ‘मॉस्को’ म्हणतात: हवंच, असायला हवं, असलं तर बरं, आणि या खेपेला नाही. रीत चांगली आहे, पण पहिला कप्पा फुगत जातो. म्हणूनच ती वापरणाऱ्या डीएसडीएम पद्धतीत ‘हवंच’ कप्प्यातलं काम एकूण श्रमाच्या ६० टक्क्यांवर जाऊ देऊ नये असा दंडक आहे. अंदाज चुकतात, त्यासाठी उरलेली जागा लागते.

त्याहून सोपी रीत म्हणजे गोष्ट कोणत्या तारखेला लागणार हे विचारणं. आपल्या अ‍ॅपला १ तारखेला सुरू व्हायचं आहे. त्या दिवशी लागतं ते एवढंच: घरांची नोंद, खाडा, जास्तीचं दूध, दुरुस्ती आणि हिशेबाची सुरक्षित प्रत. दर आणि बिल ३० तारखेला लागतील. म्हणजे बिल तयार नसतानाही अ‍ॅप दूधवाल्याच्या हाती देता येतं आणि तो नोंदी करत असताना बिलाचं काम पुढे नेता येतं. मागची बाकी तर दुसऱ्या महिन्याच्या बिलातच येईल, तीसुद्धा आधी नुसता एक आकडा भरायची जागा म्हणून पुरेल. सात-आठ ओळींची यादीही अशी तारखांवर पसरली की दोन माणसांच्या शनिवार-रविवारांत बसते.

कापलेल्या ओळी फेकायच्या नसतात. त्या ‘आत्ता नाही’ या मथळ्याखाली लिहून ठेवायच्या आणि प्रत्येकीपुढे परत येण्याची अट लिहायची. ‘ग्राहकांचं अ‍ॅप: खाड्याच्या नोंदी करण्यात दूधवाल्याचा रोज अर्ध्या तासाहून जास्त वेळ जाऊ लागला तर.’ ‘पोऱ्यांची हजेरी: पोरं ठेवणारे दूधवाले अ‍ॅप मागू लागले तर.’ अट लिहिलेली नसेल तर तीच ओळ दर बैठकीत नव्याने निघते आणि ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी होते. अट असली की बोलणं घडलेल्या गोष्टींवर येतं.

काय ठेवावं हे वापरणाऱ्यांकडूनच कसं कळतं, याचं ठळक उदाहरण इन्स्टाग्राम. केविन सिस्ट्रॉम यांचं आधीचं अ‍ॅप ‘बर्बन’ या नावाचं होतं. आपण कुठे आहोत ते कळवा, भेटीचे बेत आखा, गुण मिळवा, फोटो टाका, असं बरंच काही त्यात होतं. लोक मुख्यतः फोटोच टाकत होते. सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांनी मग फोटो, त्याखालची टिप्पणी आणि लाइक एवढंच ठेवलं, फोटो देखणा करणारे फिल्टर जोडले आणि ६ ऑक्टोबर २०१०ला फक्त आयफोनसाठी नवं अ‍ॅप आणलं. अँड्रॉइडची आवृत्ती एप्रिल २०१२मध्ये आली, व्हिडिओ जून २०१३मध्ये आणि खासगी संदेश त्याच वर्षीच्या डिसेंबरात. आज ज्यांच्याशिवाय हे अ‍ॅप डोळ्यांपुढे येत नाही, त्या गोष्टी दीड ते तीन वर्षं ‘आत्ता नाही’मध्ये राहिल्या आणि त्यामुळे कुणाचं अडलं नाही.

ही रीत सगळीकडे चालत नाही. औषधाची मात्रा ठरवणारं यंत्र किंवा बँकेचा व्यवहार यांत पहिल्या वापरालाच कायद्याने आणि सुरक्षेने बऱ्याच ओळी सक्तीच्या होतात. तिथे ओळींपेक्षा वापरणाऱ्यांची संख्या कापावी लागते. बाजारातही, ज्या जागी चार चांगली अ‍ॅप आधीच आहेत तिथे ‘पुरेसं’ची रेघ वर सरकते, कारण ग्राहक तुमची तुलना कोऱ्या वहीशी करत नाही. रतिबाच्या हिशेबात स्पर्धा अजून वहीशी असेल, तरच इतकी लहान यादी पुरते.

यादी बरोबर कापली की नाही, हे वही बघून कळतं. दोन-तीन दूधवाल्यांना महिनाभर अ‍ॅप द्यायचं आणि २० तारखेच्या सुमारास जाऊन बघायचं. तो वहीतही लिहीत असेल, तर काय लिहितो ते नीट वाचायचं. त्याच खाड्यांची दुसरी नोंद असेल तर त्याचा अ‍ॅपवर भरवसा बसलेला नाही. तिथे नवी ओळ घालून उपयोग नाही, आहे तेच पक्कं करायला हवं. पण ‘बी-३०४ला दिवाळीत दोन लिटर जादा’ असं अ‍ॅपमध्ये न मावणारं काही दोघा-तिघांच्याही वहीत दिसलं, तर पुढच्या महिन्याची ओळ मिळाली. वही पूर्ण बंद झाली असेल आणि एखादी गोष्ट कुणी उघडूनही बघितलेली नसेल, तर ती ओळ पहिल्याच यादीत जास्तीची होती. दुसऱ्या महिन्याची यादी लिहिताना नवं काही घालण्याआधी तिच्यावर काट मारावी.