चौथ्या घाताचा हिशेब

विमानतळाजवळ संथपणे गरगर फिरणारी रडारची रुंद, वाकलेली जाळी आपण पाहिलेली असते. शंभर किलोमीटरवर एका इंजिनाचं छोटं विमान उडत असेल तर ते या रडारला दिसेल का, आणि दोनशे किलोमीटरवर असेल तर काय, याचं उत्तर कागदावर काढता येतं. त्यासाठी अमेरिकेतल्या एएसआर-९ या विमानतळ रडारच्या जवळपासचे आकडे सोयीसाठी गोल करून घेऊ.

हे रडार सतत बोलत नाही. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापुरती, म्हणजे एक मायक्रोसेकंदाची पल्स सोडतं आणि मग प्रतिध्वनीची वाट बघत गप्प बसतं. पल्स चालू असेपर्यंत तिची शक्ती असते सुमारे ११ लाख वॅट. आकडा छाती दडपवणारा आहे खरा, पण अशा पल्स सेकंदाला साधारण ११०० च सुटतात. सरासरी काढली तर शक्ती भरते जेमतेम १,२०० वॅट, म्हणजे घरातल्या मोठ्या गिझरपेक्षाही कमी.

आता एका पल्सचा पाठलाग करू. अँटेना नसती तर ती शक्ती चहूकडे सारखी पसरली असती. अँटेना ती एका अरुंद झोतात गोळा करते आणि झोताच्या मधोमध तिची तीव्रता सुमारे २,५०० पट होते. या पटीला म्हणतात अँटेनाचा गेन. तरीही शंभर किलोमीटर जाईपर्यंत झोत इतका रुंदावतो की तिथे दर चौरस मीटरला २२ मिलिवॅट एवढंच उरतं. छोटं विमान त्यातलं साधारण एका चौरस मीटरवरचं अडवून सगळीकडे उधळतं. ते उधळलेले २२ मिलिवॅट पुन्हा शंभर किलोमीटर पसरत परत येतात. अँटेनाचं परिणामकारक क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास आहे. तिच्या हाती पडतो एका वॅटचे अडीच लाख कोटी भाग केले तर त्यातला जेमतेम एक.

हे पुरेसं आहे का? ते रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीवर ठरतं. कोणत्याही इलेक्ट्रॉनिक मंडलात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनची वळवळ चालूच असते आणि एवढ्या लहान पल्ससाठी रिसीव्हरची खिडकी बरीच रुंद, सुमारे एक मेगाहर्ट्झ, ठेवावी लागते. त्या खिडकीतून शिरणाऱ्या खरखरीपेक्षा आपला प्रतिध्वनी ४० पट मोठा भरतो. एकाच पल्सवर भरवसा ठेवून ‘विमान आहे’ म्हणायला साधारण २० पट पुरतो. म्हणजे विमान दिसलं, आणि वर थोडी शिल्लकही राहिली.

हाच सगळा प्रवास एका ओळीत मांडला की रडारचं पल्ला-समीकरण तयार होतं:

```
R = [ P G² λ² σ / ((4π)³ S) ]^(1/4)
```

P ही पल्सची शक्ती, G गेन, λ तरंगलांबी (इथे सुमारे १०.७ सेंटिमीटर), σ म्हणजे लक्ष्य रडारला किती मोठं भासतं ते, आणि S हा ओळखता येईल असा सर्वांत क्षीण प्रतिध्वनी. आपले आकडे घातले तर R येतो ११९ किलोमीटर. यात वेव्हगाइडमध्ये आणि हवेत होणारी गळती धरलेली नाही. उलट फिरता झोत विमानावरून सरकेपर्यंत त्याच्यावर २० च्या आसपास पल्स पडतात, आणि त्या सगळ्यांचे प्रतिध्वनी एकत्र केल्यानं झालेला बराचसा तोटा भरून निघतो.

खरी गोम त्या चौथ्या मुळात आहे. जाताना शक्ती अंतराच्या वर्गानं विरळ होते, येताना पुन्हा वर्गानं. अंतर दुप्पट केलं की प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर येतो. शंभर किलोमीटरवर खरखरीच्या ४० पट असलेला प्रतिध्वनी दोनशेवर अडीच पट उरतो आणि गर्दीत हरवतो. म्हणून पल्ला दुप्पट हवा तर शक्ती सोळा पट, म्हणजे जवळजवळ १८ मेगावॅट लागेल. एवढ्या शक्तीला वेव्हगाइडमध्ये ठिणग्या उडू लागतात. नुसती दुप्पट शक्ती केली तर पल्ला १९ टक्केच वाढतो, ११९ चे १४१ किलोमीटर. गंमत म्हणजे रिसीव्हरची खरखर निम्मी केली तरी नेमका तेवढाच फायदा होतो, आणि तो बहुधा स्वस्तात पडतो.

पल्स लांबवून तिच्यात जास्त ऊर्जा भरता येते. पण एक मायक्रोसेकंदाच्या पल्सला एकामागे एक असलेली दोन विमानं वेगळी दिसायला १५० मीटर अंतर लागतं. पल्स दहापट लांबली की ते होतं दीड किलोमीटर. शिवाय पल्स सुटत असताना रिसीव्हर बहिरा असतो, त्यामुळे जवळचंही दिसेनासं होतं.

अँटेनाचं मात्र वेगळं आहे. समीकरणात G चा वर्ग आहे, कारण तीच जाळी पाठवताना झोत आवळते आणि येताना जास्त वेचते. तरंगलांबी तीच ठेवून जाळीची रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट केली तर पल्ला सरळ दुप्पट होतो, एक वॅटही न वाढवता. माझ्या मते समीकरणातला सर्वांत चांगला सौदा हाच. पण झोत निम्मा झाला की विमानावर पडणाऱ्या पल्सही वीसाच्या दहा होतात, आणि जाळी हळू फिरवावी तर पडद्यावरचं चित्र शिळं होतं. वजन आणि वाऱ्याचा मारा वाढतो तो वेगळाच.

उरला σ, म्हणजे रडार क्रॉस सेक्शन. तो रडार बनवणाऱ्याच्या हातात नसतो आणि वस्तूच्या आकारमानाशी त्याचा संबंध फार सैल असतो. एक चौरस मीटरचा सपाट पत्रा या रडारच्या बरोबर समोर धरला तर त्याचा क्रॉस सेक्शन सुमारे १,१०० चौरस मीटर भरतो. तोच पत्रा थोडा तिरका केला की प्रतिध्वनी भलतीकडे जातो आणि रडारला जवळजवळ काहीच मिळत नाही. एफ-११७ विमानाचं अंग सपाट, तिरक्या पैलूंचं होतं ते यासाठीच. पण चौथं मूळ इथे रडारच्या बाजूनं उभं राहतं: पल्ला दहावा हिस्सा करायचा तर क्रॉस सेक्शन दहा हजार पट घटवावा लागतो. पक्ष्याचा क्रॉस सेक्शन छोट्या विमानाच्या शंभराव्या हिश्श्याइतका, तरी आपल्या रडारला तो ३८ किलोमीटरपर्यंत दिसू शकतो, आणि नियंत्रकाला नको असलेले ठिपके येतात ते असे.

साधं विमानही किंचित वळलं की त्याचा क्रॉस सेक्शन कित्येक पटींनी वरखाली होतो. म्हणून कमाल पल्ला ही काटेकोर रेघ नसते. ‘इतक्या अंतरावर दहांतल्या नऊ वेळा दिसेल’ असाच तिचा अर्थ घ्यायचा.

जंबो जेटचा क्रॉस सेक्शन १०० चौरस मीटर धरला तर समीकरण म्हणतं ३७६ किलोमीटर. विमान दहा किलोमीटर उंचीवर असेल तर पृथ्वीची वक्रताही आड येत नाही, पण ३०० मीटरवरून उडणारं विमान ७० किलोमीटरच्या पलीकडे क्षितिजाखाली जातं, मग शक्ती कितीही ओता. उंचावरच्या जंबोची अडचण निराळीच. सेकंदाला ११०० पल्स म्हणजे दोन पल्समध्ये प्रतिध्वनीला १३६ किलोमीटर जाऊन येण्याइतकाच वेळ मिळतो. दोनशे किलोमीटरवरच्या जंबोचा प्रतिध्वनी पुढची पल्स सुटल्यावर येतो, आणि रडार तो त्या नव्या पल्सचा समजून विमान ६४ किलोमीटरवर दाखवतं. हा भास ओळखायची युक्ती सोपी आहे: पल्सचा वेग मधूनमधून बदलायचा. तो सेकंदाला १००० केला की खरा ठिपका जागीच राहतो आणि खोटा ६४ वरून ५० किलोमीटरवर उडी मारतो.