स्टे येण्याआधीचा कागद

तालुक्याच्या कोर्टात वकिलांच्या खोलीत तासभर बसलात तर "निशाणी पाचचं काय झालं?" हा प्रश्न कानावर येतोच. दाव्यातल्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला आपल्याकडे पूर्वापार निशाणी ५ हाच क्रमांक पडतो, आणि पुष्कळदा दाव्यापेक्षा त्या अर्जालाच जास्त वजन असतं. दावा वर्षानुवर्षं चालतो. बांधकाम थांबतं ते निशाणी पाचवर. समोरच्याला नोटीस देऊन मगच मनाई, हा खरा नियम. पण नोटिशीत वेळ गेल्यामुळे मनाईचा हेतूच फसणार असेल, तर न्यायाधीश कारणं नोंदवून एकतर्फी हुकूम देऊ शकतात. मग तो अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असंही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ मध्ये लिहिलं आहे. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, आणि आणलेली वाळू पावसात वाहून जाते.

या एकतर्फी हुकमाला आडवं येणारा कागद म्हणजे कॅव्हेट. १९७६ च्या दुरुस्तीने संहितेत कलम १४८अ आलं आणि १९७७ पासून ते लागू आहे. कॅव्हेट दाखल करणारा कोर्टाला इतकंच सांगतो, की अमुक माणूस माझ्याविरुद्ध अर्ज घेऊन येईल असं मला वाटतं. तो आला तर मला कळवा आणि माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. त्याने दावा अडत नाही की मनाईही टळत नाही. तुमचं ऐकून घेऊनही न्यायाधीश त्याच दुपारी स्टे देऊ शकतात. कॅव्हेटने मिळतं ते बोलायची संधी, आणि तीसुद्धा बहुधा एक-दोन दिवसांच्या मुदतीची.

एक नमुना घेऊ. एका गृहस्थाने गावाबाहेर वीस गुंठे घेतले, भूमी अभिलेखकडून मोजणी करून खुणा कायम केल्या, आणि आता त्याला कंपाउंडची भिंत घालायची आहे. शेजारच्या गटातला शेतकरी म्हणतो, "माझी वाट अडतेय, स्टे आणतो." नुसतं बोलून तो थांबलेला नाही, त्याच्या वकिलाची नोटीसही आली आहे. भिंतीचं काम आठ दिवसांचं. इथे मी कॅव्हेट लावा म्हणेन, कारण कोण येणार, कुठल्या कोर्टात येणार आणि काय मागणार, या तिन्ही गोष्टी ठाऊक आहेत. शिवाय कॅव्हेटची नोटीस समोरच्याला पाठवावीच लागते, म्हणजे आपण सावध असल्याचं त्याला कळतं. या शेजाऱ्याने आधीच नोटीस दिली असल्यामुळे त्यात गमावण्यासारखं काही नाही.

हीच धमकी चहाच्या टपरीवर कुणीतरी नुसती पुटपुटली असती, तर उत्तर वेगळं. तिथे तुमची नोटीसच त्याला वकिलाकडे धाडते. आणि तुम्ही स्वतः भिंतीला आडकाठी करू नये म्हणून मनाई मागायच्या तयारीत असाल, तर आधी कॅव्हेट लावून आपला बेत कशाला फोडायचा? सरळ दावा लावावा.

मसुदा दीड पानांत बसतो. वर कोर्टाचं नाव, मग कॅव्हेट करणारा आणि सामनेवाला, मिळकतीचं वर्णन, कुठल्या अर्जाची भीती आहे ते, आणि शेवटी विनंती. चूक होते ती मधल्या दोन जागी.

पहिली मिळकतीच्या वर्णनात. गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा सातबारा व खरेदीखताशी ताडून लिहायच्या. आमच्या गृहस्थाच्या पहिल्या कच्च्या मसुद्यात पूर्वेची हद्द लिहिली होती, "सामनेवाले यांचा वहिवाटीचा रस्ता". ज्या वाटेवरून सगळं भांडण, ती समोरच्याची वहिवाट आहे हे आपल्याच सहीने कबूल! पुढे उलटतपासणीत हाच कागद हातात दिला जातो. दुरुस्त ओळ साधी होती: "पूर्वेस गट नंबर अमुक". कॅव्हेटमध्ये कैफियत लिहायची नसते. आपली बाजू, मोजणीचा नकाशा, फोटो, सगळं तयार ठेवावं, पण फाइलमध्ये.

दुसरी जागा नावांची. दावा येतो तेव्हा कोर्टाच्या कार्यालयात कॅव्हेट शोधलं जातं ते मुख्यतः नावावरून. शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर तो, त्याचा भाऊ आणि आई अशी तीन नावं आहेत. कॅव्हेट एकट्या शेजाऱ्यावर लावलं आणि दावा आईच्या नावाने आला, तर ते सापडण्याची खात्री नाही. "किंवा त्यांच्यातर्फे कोणीही" असं शेपूट बरेच जण जोडतात. वाचायला छान वाटतं, शोधताना उपयोग नाही. तिघांचीही पूर्ण नावं सातबाऱ्यावर आहेत तशी लिहावीत. दत्तात्रय आणि दत्तात्रेय यांतली एक मात्राही आड येऊ शकते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर `Caveat Search` मध्ये आपली नोंद कशी चढली आहे, ते एकदा पाहून घ्यावं.

कायद्याप्रमाणे कॅव्हेटची नोटीस सामनेवाल्यांना रजिस्टर टपालाने, पोचपावतीसह जायला हवी. तिघांना तीन वेगळी पाकिटं, आणि पावत्या जपून ठेवायच्या. ही नोटीस मिळाली की अर्जाची आणि कागदांची नक्कल आपल्या खर्चाने आपल्याला देणं समोरच्यावर बंधनकारक होतं. मुदत नव्वद दिवसांची, तीही दाखल केल्यापासून. १२ जूनला लावलेलं कॅव्हेट १० सप्टेंबरपर्यंत चालतं. या काळात अर्ज आला नाही तर ते आपोआप संपतं. वाढवून मिळत नाही, नवीन लावावं लागतं. वाट पाहणारा हुशार विरोधक ९१ व्या दिवशी येतो.

आणि कॅव्हेट असूनही कार्यालयाच्या नजरेतून सुटलं आणि हुकूम झाला तर? तो हुकूम आपोआप रद्दबातल ठरत नाही, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने १९८१ मध्येच म्हटलं आहे. म्हणजे "आमचं कॅव्हेट होतं" म्हणून भिंत पुढे रेटायची नाही. कॅव्हेटची प्रत आणि टपालाच्या पावत्या घेऊन ऑर्डर ३९ नियम ४ खाली हुकूम उठवण्याचा अर्ज करायचा. पावत्या जपायच्या त्या यासाठी.

माझ्या मते कॅव्हेटचा पैसा सर्वांत वसूल होतो तो दावा जिंकल्यावर. निकाल आपल्या बाजूने लागला की हरलेला अपील करणार आणि अंमलबजावणीला स्टे मागणार, हे ठरलेलंच. माणूस माहीत, कोर्ट माहीत, मुदतही माहीत. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवसांची, त्यामुळे निकालानंतर लगेच लावलेलं कॅव्हेट सहज पुरतं. उच्च न्यायालयात मात्र हिशेब चुकतो. तिथे अपिलाला नव्वद दिवस असतात आणि निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी उत्साहाने लावलेलं कॅव्हेट, समोरच्याची मुदत शिल्लक असतानाच संपून जातं. नकलेवर अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख छापलेली असते. तो शिक्का पाहून दुसऱ्या कॅव्हेटची तारीख आधीच डायरीत लिहून ठेवायची.