नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीनं बोलतं?

नवी दिल्लीची एनसीएईआर ही संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून 2004-05 मध्ये ‘इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे’ केला. त्यात 41,554 कुटुंबांकडे जाऊन त्यांचं वार्षिक उत्पन्न बारकाईनं विचारलं गेलं. आपल्याकडे हे काम सहसा होत नाही. बहुतेक मोठ्या पाहण्या खर्च विचारून थांबतात, कारण शेती, मजुरी, पगार, पेन्शन, गावाकडे आलेला पैसा या सगळ्यांची बेरीज करणं किचकट असतं. म्हणूनच उत्पन्नावर प्रकल्प करणारे विद्यार्थी अजूनही या पाहणीची फाइल उघडतात. फाइल उघडली की बऱ्याच जणांची पहिली चूक एकच असते. एका ओळीत एक कुटुंब, म्हणून ओळी मोजायच्या आणि टक्केवारी काढायची.

41,554 पैकी 26,734 कुटुंबं ग्रामीण होती आणि 14,820 शहरी, म्हणजे नमुन्यात शहरी कुटुंबं 35.7 टक्के. 2001 च्या जनगणनेत देशात सुमारे 19.2 कोटी कुटुंबं नोंदली गेली. त्यांतली 13.83 कोटी ग्रामीण होती आणि 5.37 कोटी शहरी. शहरी वाटा 28 टक्के. थोडक्यात, फाइलमध्ये शहर खऱ्या देशापेक्षा फुगलेलं आहे. आणि उत्पन्नाच्या बाबतीत शहर आणि गाव यांच्यात मोठी दरी आहे. याच पाहणीत शहरी कुटुंबाचं मध्यक उत्पन्न वर्षाला सुमारे 51,200 रुपये निघालं, तर ग्रामीण कुटुंबाचं 22,400. नुसत्या ओळी मोजणारा विद्यार्थी देशाला आहे त्यापेक्षा सुखवस्तू ठरवतो.

नमुना असा वाकडा का घेतात, हा प्रश्न इथे रास्त आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात घरं निवडली असती तर भानगडच उरली नसती. पण मग काय झालं असतं ते गोव्याच्या उदाहरणावरून पाहा. 2001 मध्ये गोव्याची लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आत होती आणि देशाची जवळजवळ 103 कोटी. 41,554 घरं काटेकोर प्रमाणात वाटली असती तर गोव्याच्या वाट्याला जेमतेम 54 आली असती. चोपन्न घरांवरून ‘गोव्यातल्या निम्म्या कुटुंबांचं उत्पन्न अमुक रकमेच्या वर आहे’ असं म्हटलं, तर त्या आकड्यात तेरा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात. अंदाज किती नेमका येईल हे मुख्यतः नमुन्यात किती घरं आहेत यावर ठरतं. राज्य केवढं आहे याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. म्हणून पाहणी आखणारे लहान राज्यांतून आणि शहरांतून मुद्दाम जास्त घरं घेतात.

या पाहणीत आणखी एक कारण होतं. एनसीएईआरनं 1993-94 मध्ये ग्रामीण भागात एक पाहणी केली होती. दहा वर्षांत काय बदललं हे कळावं म्हणून त्यातल्या सुमारे 13,900 कुटुंबांकडे लोक पुन्हा गेले. ही घरं जुन्या आराखड्यानं निवडलेली, बाकीची नव्या. वाकडेपणा जाणूनबुजून पत्करलेला होता, आणि तो सरळ करण्याचं साधन फाइलमध्येच एका रकान्यात दिलेलं असतं. तो रकाना म्हणजे प्रत्येक कुटुंबाचा भार.

भार काढण्याची पद्धत समजायला अवघड नाही. एखादं घर निवडलं जाण्याची शक्यता जेवढी, तिचा व्यस्त आकडा म्हणजे त्या घराचा मूळ भार. पाच हजारांत एक घर निवडलं असेल तर ते घर पाच हजार घरांच्या वतीनं बोलतं. आपल्या फाइलपुरता ढोबळ हिशेब करू. 13.83 कोटी ग्रामीण कुटुंबांसाठी 26,734 घरं, म्हणजे एका ग्रामीण घराचा सरासरी भार सुमारे 5,172. शहरात 5.37 कोटींसाठी 14,820, म्हणजे भार 3,623. फाइलमधले प्रत्यक्ष भार राज्यागणिक वेगळे असतात, पण मुद्दा समजायला हे दोन आकडे पुरेत.

आता प्रश्न असा घेऊ: वर्षाला 51,200 रुपयांहून जास्त उत्पन्न असलेली कुटुंबं देशात किती टक्के? शहरात हा मध्यकच असल्यामुळे निम्मी कुटुंबं त्याच्या वर असणार, म्हणजे 7,410. ग्रामीण भागात हे प्रमाण 18 टक्के आहे असं हिशेबापुरतं धरू, म्हणजे 4,812 कुटुंबं. नुसत्या ओळी मोजल्या तर 41,554 पैकी 12,222, उत्तर 29.4 टक्के. भार लावून पाहू. ग्रामीण 4,812 ला 5,172 ने गुणलं की 2.49 कोटी कुटुंबं होतात. शहरी 7,410 ला 3,623 ने गुणलं की 2.68 कोटी. बेरीज 5.17 कोटी, आणि 19.2 कोटींतला तिचा वाटा 27 टक्के.

29.4 आणि 27 यांत अडीच टक्क्यांचंही अंतर नाही, म्हणून कोणी ते सोडून देईल. पण 19.2 कोटींवर ते लावलं तर सुमारे 47 लाख कुटुंबं होतात. एवढी कुटुंबं प्रत्यक्षात रेषेच्या खाली असताना अहवालात रेषेच्या वर दिसतात. शिवाय नमुना दुप्पट मोठा घेतला तरी ही चूक कमी होत नाही. शहराचा वाटा 35.7 टक्केच ठेवला तर उत्तर पुन्हा 29.4 च्याच आसपास येणार, आणि मोठ्या नमुन्यामुळे आपल्याला ते जास्त खात्रीचं वाटणार.

भारामुळे उत्तर कधी बदलतं हेही इथे लक्षात येतं. ज्या गोष्टीची टक्केवारी काढायची ती आणि भार यांचा एकमेकांशी संबंध असेल, तरच. घरातल्या थोरल्या मुलाचा जन्म सम तारखेला झाला की विषम, हे विचारलं तर गाव-शहर असा फरक नाही, मग भार लावा अगर लावू नका, टक्केवारी तीच. उत्पन्नाचं तसं नाही. ज्या कारणांनी भार कमी-जास्त ठरतात, म्हणजे गाव की शहर, कोणतं राज्य, त्यांच्याशीच उत्पन्न घट्ट बांधलेलं आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो उत्पन्नाचे पाच समान गट पाडताना. ‘तळातली 20 टक्के कुटुंबं’ काढायची म्हणून विद्यार्थी फाइल उत्पन्नानुसार लावतो आणि पहिल्या 8,311 ओळी कापून घेतो. नंतर त्या गटातली सरासरी मात्र तो भार लावून काढतो आणि आपण सगळं नियमानं केलं असं समजतो. पण गटाची सीमाच भाराविना आखलेली असते. त्या 8,311 मध्ये 7,200 ग्रामीण आणि 1,111 शहरी घरं आहेत असं धरा. भारांची बेरीज होते 4.13 कोटी, म्हणजे देशातल्या कुटुंबांपैकी साडेएकवीस टक्के. नाव 20 टक्क्यांच्या गटाचं, आणि माणसं त्याहून जास्त. सीमा आखायची तर उत्पन्नाच्या चढत्या क्रमानं भारांची बेरीज करत जायचं, आणि ती एकूण भाराच्या पाचव्या हिश्श्याला पोचेल तिथे रेघ मारायची. मध्यकही असाच निघतो, फक्त रेघ निम्म्यावर पडते.

आणखी एक फरक प्रश्न वाचतानाच ओळखावा लागतो. ‘किती टक्के कुटुंबं’ आणि ‘किती टक्के लोक’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 5,172 भाराचं सात माणसांचं ग्रामीण कुटुंब 36,204 लोकांच्या वतीनं बोलतं आणि 3,623 भाराचं तीन माणसांचं शहरी कुटुंब 10,869 लोकांच्या. कुटुंबं मोजताना या दोघांतलं अंतर दीडपटीच्याही आत होतं. लोक मोजताना ते तिपटीच्या पुढे गेलं. लोकांबद्दल बोलायचं तर कुटुंबाच्या भाराला सदस्यसंख्येनं गुणून घ्यावं लागतं.

प्रत्यक्ष काम आर या प्रणालीत केलं तर एवढंच लिहायचं असतं. इथली रकान्यांची नावं नमुन्यादाखल आहेत, आपल्या फाइलची माहितीपुस्तिका पाहून ती बदलावीत:

```r
library(survey)
d <- svydesign(ids = ~psu, strata = ~stratum,
               weights = ~wt, data = hh, nest = TRUE)
svymean(~I(income > 51200), d)
svyquantile(~income, d, 0.5)
```

यात `psu` म्हणजे गाव किंवा शहरातला विभाग. तो सांगणं गरजेचं असतं, कारण एकाच गावातली वीस घरं म्हणजे वीस स्वतंत्र साक्षी नव्हेत. एकच पाऊस, एकच बाजारपेठ, बरीचशी सारखी मजुरी. हे सांगितलं नाही तर टक्केवारी बरोबर येते, पण तिची त्रुटी आहे त्याहून लहान दिसते. काही जण भारांना ‘इतक्या ओळी’ असं समजून घेणारा पर्याय निवडतात. मग संगणकाला वाटतं की खरोखर 19 कोटी घरांना भेटून आलोय, आणि त्रुटी जवळपास शून्य छापली जाते. असं दिसलं की समजावं, काहीतरी चुकलंय.

भार नीट लागला की नाही हे पाहायला एक सोपी परीक्षा आहे. उत्पन्नाला हात लावण्याआधी ज्याचं उत्तर जनगणनेतून माहीत आहे असा आकडा काढावा. आपल्या फाइलमध्ये शहरी कुटुंबांची टक्केवारी 35.7 आली तर भार लागलेला नाही, 28 च्या जवळ आली तर लागला. भारांची एकूण बेरीज मात्र कधी देशातल्या कुटुंबांएवढी असते, तर कधी नमुन्यातल्या घरांएवढी. काही संस्था भार सोयीसाठी एका ठरावीक आकड्यानं भागून देतात. टक्केवारीला त्यानं काही फरक पडत नाही, कारण वर-खाली तोच आकडा जातो. ‘किती लाख कुटुंबं’ असं लिहायचं असेल तेव्हाच तो शोधावा लागतो.

एक गोष्ट भारानं होत नाही. मोठ्या शहरांतल्या बंद फाटकांच्या इमारतींत पाहणी करणाऱ्यांना बहुतेकदा प्रवेशच मिळत नाही, आणि अतिश्रीमंत कुटुंबं उत्तर द्यायला तयार नसतात. जे घर नमुन्यात आलंच नाही त्याला भार कसा लावणार? शेजारच्या मध्यमवर्गीय घराचा भार वाढवून शहरी कुटुंबांची संख्या जुळवता येते, पण त्या घराचं उत्पन्न मध्यमवर्गीयच राहतं. म्हणून वरच्या एक टक्क्याचं उत्पन्न अशा पाहणीवरून काढलं तर ते खऱ्यापेक्षा कमीच येतं. थॉमस पिकेटी आणि लुकास चॅन्सेल यांनी भारतातल्या विषमतेचा अभ्यास करताना याच कारणासाठी पाहण्यांच्या जोडीला प्राप्तिकराची आकडेवारी घेतली.

प्रकल्पाच्या तक्त्यात टक्केवारी भार लावून छापावी आणि तिच्या शेजारच्या रकान्यात भार न लावलेली घरांची संख्या द्यावी. गोव्याच्या शहरी भागातल्या सर्वांत वरच्या गटाची टक्केवारी लिहिलीय आणि शेजारी घरं फक्त अकरा आहेत असं दिसलं, तर वाचणाऱ्याला त्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची ते लगेच कळतं.