तासाभराचं व्याख्यान, चार पानांचं टिपण

‘केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की संसदेला मूलभूत हक्कांत बदल करता येणार नाही.’ कायदा किंवा राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या वहीत हे वाक्य सापडतं आणि ते चूक आहे. वर्गात प्राध्यापकांनी बरोबर सांगितलेलं असतं, रेकॉर्डिंग नीट झालेलं असतं, शब्दांकनातही सगळे शब्द असतात. चूक शिरते ती लांब बोलण्याचं आखूड लिहिणं होताना. बोलण्यातली अट गळते आणि उरतं ते वाक्य ठामपणे खोटं बोलतं. म्हणून ध्वनिमुद्रित व्याख्यानाच्या नोट्स कशा काढाव्यात हे याच विषयावरचा एक तास धरून पाहू.

तासाभराच्या व्याख्यानाचे सहा-सात हजार शब्द सहज होतात. त्यातून हजार-बाराशे शब्दांच्या, म्हणजे चार पानांच्या नोट्स निघाल्या तर त्या परीक्षेआधी वाचून होतात. हे शब्दांकन बहुतेकदा संगणकानं उतरवलेलं असतं. त्यात विरामचिन्हं नसतात, कोण बोलतंय ते कळत नाही आणि मराठी-इंग्रजीची सरमिसळ असते. नमुन्यादाखल असा एक तुकडा समजा:

‘तर चोवीस एप्रिल सेव्हंटी थ्री तेरा जज एवढं मोठं बेंच आधी कधी नव्हतं सात विरुद्ध सहा आता गोल नाथ काय म्हणालं होतं आर्टिकल थर्टी मधला लॉ म्हणजे अमेंडमेंट पण त्यात आली मग ट्वेंटी फोर्थ अमेंडमेंट ती इथे व्हॅलिड ठरली म्हणजे संसद मूलभूत हक्कांना सुद्धा हात लावू शकते थांबा माझं वाक्य पूर्ण होऊ द्या’

पहिलं काम कानाचं. एकीकडे रेकॉर्डिंग लावून शब्दांकन वाचायचं, पण प्रत्येक शब्दाशी थांबायचं नाही. तीन गोष्टींवरच लक्ष ठेवायचं: नावं, आकडे आणि नकार. ‘गोल नाथ’ म्हणजे गोलकनाथ हे विषय माहीत असेल तर कळतं. ‘आर्टिकल थर्टी’ मात्र फसवं आहे, कारण अनुच्छेद 30 खरोखरच घटनेत आहे. तो अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांविषयी आहे. इथे वाद होता अनुच्छेद 13 चा. मूलभूत हक्क हिरावणारा कायदा राज्यसंस्थेनं करू नये असं तो सांगतो आणि घटनादुरुस्ती हासुद्धा असा ‘कायदा’ आहे का, हा गोलकनाथ खटल्यातला प्रश्न होता. इंग्रजीतले थर्टीन आणि थर्टी कानाला जवळजवळ सारखेच लागतात, म्हणून असा आकडा आला की तो त्या वाक्यात अर्थानं बसतो का, हे पाहायचं.

नकाराची अडचण मराठीत जास्त आहे. आपलं ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं आणि बोलणाऱ्याचा आवाज नेमका तिथेच खाली जातो. ‘मोडता येत नाही’ चं ‘मोडता येत’ होतं आणि वाक्य उलटं फिरतं. शब्दांकनात वाक्य अर्धवट सुटल्यासारखं वाटलं की तेवढे दहा सेकंद पुन्हा ऐकायचे. व्याख्यानाच्या पुढच्या-मागच्या म्हणण्याशी विसंगत वाटणारं प्रत्येक विधानही असंच तपासायचं.

आता वरचा तुकडा पुन्हा पाहा. प्राध्यापक म्हणतात, ‘थांबा, माझं वाक्य पूर्ण होऊ द्या’. म्हणजे कुणीतरी मध्येच प्रश्न विचारला आहे. तो प्रश्न माइकपासून लांब असल्यानं शब्दांकनात आलेलाच नाही. त्यानंतर बोलणं नानी पालखीवालांकडे वळतं. मुंबईच्या या विधिज्ञानं केशवानंदांची बाजू मांडली होती, आणि त्यांच्या युक्तिवादाविषयी सांगण्यात तीन-चार मिनिटं जातात. मग कुठेतरी वाक्य येतं: ‘हां, तर बदलू शकते, पण बेसिक स्ट्रक्चर मोडता येत नाही.’ विधान एका जागी आणि त्याची अट चार मिनिटं पुढे! शब्दांकनाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडून प्रत्येकाचा सारांश लिहिणाऱ्याच्या वहीत पहिल्या तुकड्यात ‘संसद मूलभूत हक्क बदलू शकते’ येतं आणि दुसऱ्यात ‘संसदेला मर्यादा आहे’. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, हे कुठेच येत नाही. महिन्याभरानं वाचताना यातलं एकच लक्षात राहतं.

म्हणून दुसऱ्या वाचनात घड्याळाकडे न पाहता विषयाकडे पाहायचं. समासात प्रत्येक परिच्छेदासमोर एकच गोष्ट लिहायची: हा भाग कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय? आपल्या तासात असे पाच प्रश्न निघतात. घटना बदलण्याचा अधिकार कुठून येतो? मूलभूत हक्क त्या अधिकारात येतात का, यावर 1951 ते 1967 मध्ये न्यायालय काय म्हणालं? संसदेनं त्यावर काय केलं? 1973 मध्ये काय ठरलं? पुढे ते तत्त्व कसं वापरलं गेलं? समासात एकच प्रश्न दोन-तीन ठिकाणी आला, तर ते तुकडे एका शीर्षकाखाली आणायचे. पालखीवालांआधीचं अर्धं वाक्य आणि नंतरचा ‘पण’ असे एकत्र येतात.

इथे प्राध्यापकांचा क्रम ठेवावा की नाही, हा प्रश्न येतो. वर्गाचं लक्ष वेधायला त्यांनी 1973 पासून सुरुवात केली आणि मग ते मागे गेले. बोलताना ते योग्यच आहे. नोट्समध्ये मात्र खटले काळाच्या क्रमानं लावलेले बरे, कारण प्रत्येक निकाल आधीच्या निकालाला उत्तर देतो. गणितातली सिद्धता किंवा तत्त्वज्ञानातला युक्तिवाद असेल तर मी शिकवणाऱ्याच्या क्रमाला हात लावणार नाही, कारण तिथे क्रम हाच विषय असतो. क्रम बदला किंवा ठेवा, प्रत्येक भागापुढे रेकॉर्डिंगमधली वेळ लिहून ठेवायची. शंका आली की थेट त्या मिनिटाला जाता येतं.

शीर्षक हे कपाटावरच्या पाटीसारखं नुसतं नाव नसावं. ‘गोलकनाथ खटला’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. ‘1967: मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही’ एवढं लिहिलं की निम्मी उजळणी शीर्षक वाचूनच होते. असं विधानरूप शीर्षक लिहिताच येत नसेल, तर तो भाग आपल्याला समजलेला नाही किंवा त्यात दोन विषय मिसळले आहेत.

सारांश प्रत्येक शीर्षकाखाली दोन-तीन वाक्यांचा पुरे. तो शब्दांकन बाजूला ठेवून, आठवून लिहावा. पाहून लिहिलं की बोलण्यातली वाक्यं तशीच उतरतात, ‘तर’, ‘म्हणजे’, ‘हे इथे’ यांच्यासकट. लिहून झालं की उलट तपासणी करायची: सारांशातल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवायचं आणि त्याचा आधार शब्दांकनात शोधायचा. आधार सापडला नाही तर ते वाक्य आपल्या डोक्यातून किंवा गाइडमधून आलेलं आहे. ते ठेवायला हरकत नाही, पण वेगळ्या शाईत. आधार सापडला तर त्याच्या आसपासचे ‘पण’, ‘फक्त’, ‘जोपर्यंत’, ‘या खटल्यापुरतं’ हे शब्द सारांशात आलेत का ते पाहायचं. मला विचाराल तर सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि घाईत पहिल्यांदा गाळली जाते तीही हीच.

असं सगळं केल्यावर वरच्या गोंधळातून तयार झालेला भाग असा दिसेल:

1967: मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही (12:40)
गोलकनाथ खटल्यात 11 न्यायाधीशांच्या पीठानं 6 विरुद्ध 5 अशा बहुमतानं हा निकाल दिला. घटनादुरुस्ती हाही अनुच्छेद 13 मधला ‘कायदा’ आहे, असं बहुमताचं म्हणणं. 1951 च्या शंकरीप्रसाद खटल्यात न्यायालयानं याच्या उलट म्हटलं होतं.

1971: संसदेनं 24 वी घटनादुरुस्ती करून अधिकार परत घेतला (17:05)
घटनादुरुस्तीला अनुच्छेद 13 लागू होणार नाही, अशी तरतूद केली.

1973: घटनेचा कोणताही भाग बदलता येईल, पण तिची मूलभूत संरचना मोडता येणार नाही (08:15 आणि 12:15)
केशवानंद भारती, 24 एप्रिल 1973, 13 न्यायाधीश, 7 विरुद्ध 6. गोलकनाथचा निकाल रद्द झाला, 24 वी दुरुस्ती वैध ठरली. म्हणजे मूलभूत हक्कांतही बदल करता येतो. मर्यादा एकच: त्या बदलानं घटनेची मूलभूत संरचना नष्ट होता कामा नये.

तिसऱ्या शीर्षकापुढे दोन वेळा आहेत, कारण विधान आणि अट रेकॉर्डिंगमध्ये दोन ठिकाणी होती. पालखीवालांची गोष्ट नोट्समध्ये आलेली नाही. तीन वेळा सांगितलेला मुद्दा एकदाच आला आहे, मात्र तो तीनदा सांगितला गेला याची खूण समासात करावी, कारण शिकवणारा उगाच तीनदा सांगत नाही.

काही गोष्टी शब्दांकनातून मिळतच नाहीत. ‘इकडे बघा, हे असं वर गेलं’ म्हणताना प्राध्यापकांनी फळ्यावर काय काढलं, ते आवाजात नसतं. व्हिडिओ असेल तर पाहून आकृती काढायची, नसेल तर ‘फळ्यावरची आकृती, 31:10’ एवढं लिहून जागा मोकळी सोडायची आणि वर्गातल्या कुणाकडून भरून घ्यायची. अंदाजानं आकृती काढू नये. प्राध्यापकांचं मत आणि न्यायालयाचा निकालही वेगळे ठेवावे लागतात. ‘माझ्या मते न्या. खन्ना यांचं निकालपत्र निर्णायक ठरलं’ हे मत आहे, त्याच्यापुढे ‘मत’ असं लिहावं. 7 विरुद्ध 6 ही वस्तुस्थिती आहे. बोलताना दोन्ही एकाच सुरात येतात आणि वहीत ती फरक न करता मिसळून जातात.

कधी शिकवणारा स्वतःच पुढे दुरुस्ती करतो. तासाच्या सुरुवातीला ‘मिनर्व्हा मिल्स, सेव्हंटी सिक्स’ म्हणतो आणि अर्ध्या तासानं ‘नाही, 42 वी दुरुस्ती 1976 ची, निकाल 1980 चा’ असं सांगतो. अशा वेळी नंतरचं विधान धरायचं आणि आधीचं काढून टाकायचं. त्यासाठी पूर्ण शब्दांकन शेवटपर्यंत वाचल्याशिवाय एकही सारांश पक्का करू नये.

शेवटची कसोटी वही मिटून घ्यायची. त्या तासाला न आलेल्या मित्राला फक्त शीर्षकं वाचायला द्यायची आणि विचारायचं: 24 वी दुरुस्ती आजही घटनेत आहे का? तो ‘हो’ म्हणाला आणि कारणही सांगू शकला, तर नोट्स झाल्या. तो अडखळला, तर कुठल्या शीर्षकापाशी अडखळला ते पाहून त्याच्यापुढच्या वेळेवर रेकॉर्डिंग पुन्हा लावायचं.