गोल, रेघा आणि त्यांतलं गणित

हाताने लिहिलेला आकडा ओळखणाऱ्या साध्या न्यूरल नेटवर्कच्या चित्रात गोलांचे तीन उभे थर असतात. डावीकडे ७८४ गोल, कारण २८ बाय २८ ठिपक्यांच्या प्रतिमेतल्या प्रत्येक ठिपक्याला एक. मधे समजा ३०, आणि उजवीकडे शून्य ते नऊसाठी १०. (सगळे कुणी काढत बसत नाही, मधे टिंबं देऊन भागवतात.)

खरी गंमत रेघांत आहे. प्रत्येक रेघेला एक वजन, म्हणजे एक संख्या असते. मधल्या एका गोलाकडे येणाऱ्या दोनच रेघा धरू. ठिपक्यांच्या किमती ०.५ आणि ०.८, वजनं ०.६ आणि उणे १. गुणून बेरीज केली की येतात उणे ०.५. त्यात गोलाचा स्वतःचा बायस, समजा ०.२, मिळवला की उणे ०.३. मग येतं ॲक्टिव्हेशन फंक्शन. त्यातलं रेलू उणे संख्येचं शून्य करतं, अधिक संख्या तशीच पुढे सोडतं. म्हणजे हा गोल गप्प. अशी फंक्शन्स काढून टाकली, तर कितीही थर रचा, सगळ्यांचं गणित एकाच थरात मावतं.

शेवटी दहा गोलांच्या संख्यांची सॉफ्टमॅक्स अशी वाटणी करतं, की बेरीज १ व्हावी. सर्वांत मोठा वाटा ज्याचा, तो आकडा उत्तर. 'यांपैकी काहीच नाही' असा अकरावा गोल नाही, त्यामुळे मांजराचं चित्र दिलं तरी नेटवर्क एखादा आकडा सांगतंच, आणि कधी कधी मोठ्या खात्रीने.