आधी स्मरणपत्र, मग नोटीस

घर सोडून दोन महिने झाले, तरी मालकाने ५०,००० रुपयांचे डिपॉझिट परत केलेले नाही. अशा वेळी थेट वकिलाकडे न जाता आधी साधे पत्र लिहावे: 'चावी ५ मार्चला दिली, ५०,००० रुपये येणे आहे, पंधरा दिवसांत द्यावेत.' पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी.

मालकाने सहीनिशी 'पुढच्या महिन्यात देतो' असे लिहून दिले, तर ती देण्याची कबुली ठरते. दाव्याची तीन वर्षांची मुदत संपण्याआधी ती मिळाली, तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. नुसते पत्र किंवा नोटीस पाठवून मात्र मुदत थांबत नाही.

उत्तर आले नाही किंवा येणेच नाकारले, तर वकिलाची नोटीस द्यावी. तिच्यात मागणी कायद्याच्या भाषेत मांडलेली असते आणि पुढचे पाऊल कोर्टाचे, हे समोरच्याला कळते.

चेक न वटल्यास मात्र स्मरणपत्रात दिवस घालवू नयेत. बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत रकमेची लेखी मागणी करणारी नोटीस गेलीच पाहिजे. नाहीतर त्या चेकवरची फौजदारी तक्रार हातची जाऊ शकते.